आजीचे बोट आणि नातीचे बोट

मध्य रेल्वेच्या कल्याण-कर्जत मार्गावर बदलापूर मागे पडले, की उल्हास नदीच्या खोऱ्यात भाताची शेते आणि नव्या इमारती एकमेकांच्या शेजारी उभ्या असलेले जे स्थानक लागते, ते वांगणी. ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातील हे गाव गेल्या काही दशकांत एका वेगळ्या वस्तीमुळे ओळखले जाऊ लागले आहे. मराठवाडा, विदर्भ, खानदेश अशा दूरदूरच्या मुलखांतून आलेली अनेक दृष्टिहीन कुटुंबे येथे राहतात. मुंबईत न परवडणारे भाडे येथे परवडते, लोकल थेट मुंबईपर्यंत जाते, आणि त्या लोकलच्या डब्यांतच पिना, कंगवे, मोबाइलची आवरणे असा किरकोळ माल विकून पुष्कळांचा चरितार्थ चालतो. बाहेरच्या जगाला वांगणीचे नाव ठळकपणे ऐकू आले ते 17 एप्रिल 2021 च्या घटनेनंतर. त्या दिवशी दृष्टिहीन मातेबरोबर फलाटावरून चाललेले एक मूल रुळांवर पडले आणि रेल्वेचे पॉइंट्समन मयूर शेळके यांनी समोरून येणाऱ्या गाडीपुढे धाव घेऊन त्याला वाचवले.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र त्या वस्तीतील एका घरात घडलेली एक लहानशी गोष्ट आहे. घरात चार माणसे. आजीची दृष्टी बालपणी देवीच्या साथीत गेली. सूनही दृष्टिहीन, ती आणि तिचा नवरा दिवसभर लोकलमध्ये माल विकतात. आणि दहा वर्षांची नात, जी डोळस आहे. घरातले दही लावण्याचे काम आजीकडे होते, आणि ते तिने गेल्या मार्गशीर्षात नातीकडे सोपवण्याचे ठरवले. त्या घराशी माझा जुना घरोबा असल्याने हे शिक्षण कसे झाले ते मला जवळून पाहता आले. त्या घरातील माणसांची नावे येथे घेणार नाही. त्यांना ती छापून यायला नको आहेत.

दही लावणे म्हणजे चमचाभर जुने दही कोमट दुधात मिसळून ठेवणे, हे कोणीही सांगेल. सारी मेख आहे ती ‘कोमट’ या एका शब्दात. आजीच्या घरात तापमापक नव्हता, आणि असता तरी आजीला तो वाचता आला नसता. तिचा सगळा कारभार कान, नाक आणि बोटे यांच्या भरवशावर चालत आलेला. दूध तापत ठेवताना ती पातेल्याच्या तळाशी स्टीलची एक छोटी बशी उपडी घाली. दूध उकळीला आले, की बशीखाली कोंडलेली वाफ तिला उचलू लागते आणि ती खडखडते. त्या आवाजावर आजी आच कमी करी, आणि नंतर तीन-चार मिनिटे दूध मंद आचेवर तसेच उकळू देई. नातीने पहिल्याच संध्याकाळी विचारले, की पिशवीचे दूध तर आधीच तापवून आलेले असते, मग पुन्हा एवढे कशाला उकळायचे? आजी म्हणाली, “न उकळता लावून बघ एकदा. लागेल, पण चमचा घातला की पाणी पाणी होईल.”

आजीच्या या अनुभवाला दुग्धशास्त्रात आधार आहे. दुधात केसीन नावाचे प्रथिन असते, ज्याचे दही बनते. आणि त्याखेरीज निवळीत राहणारी दुसरी प्रथिने असतात. दूध ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या वर काही मिनिटे राहिले, तर या दुसऱ्या प्रथिनांची घडी उलगडते, ती केसीनला जाऊन चिकटतात, आणि पुढे दही लागताना जी जाळी तयार होते ती अधिक घट्ट विणली जाऊन पाण्याला धरून ठेवते. पाश्चरीकरणात दूध त्याहून कमी उष्णतेवर आणि फार थोडा वेळ ठेवलेले असते; त्याने रोगजंतू मरतात, परंतु ही जाळी बळकट होत नाही. म्हणून दूध पिशवीचे असो वा तबेल्याचे, दह्यासाठी ते घरी उकळावेच लागते.

उकळलेले दूध उतरवले, की नात त्याच्याकडे टक लावून बसली. वाफ थांबली, वर साय धरली, तेव्हा तिने जाहीर केले, की दूध निवले. आजीने विचारले, “ढवळलंस का?” ढवळले नव्हते. आजीने पळी घेऊन ती तळापर्यंत घातली, दूध खालीवर केले, आणि साय मोडताच नातीच्या तोंडावर पुन्हा वाफ आली. साय धरली की तिच्याखालची उष्णता बाहेर पडत नाही; वरचा थर निवतो आणि पोटातले दूध चांगलेच कढत राहते. शिवाय वाफ दिसणे हे हवेवरही अवलंबून असते: मार्गशीर्षातल्या गारठ्यात कोमट दुधावरही वाफ दिसते, वैशाखात कढत दुधावरही फारशी दिसत नाही. डोळ्यांनी मिळणारी खबर येथे खात्रीची नाही, हे आजीला सांगावे लागले, कारण डोळस मूल साहजिकच आधी डोळ्यांना विचारते.

त्यानंतर आजीने तिचा दस्तूर सांगितला. हात स्वच्छ धुऊन, दूध तळापासून ढवळून, तर्जनीचे पहिले पेर त्यात बुडवायचे आणि सावकाश दहापर्यंत मोजायचे. मोजणे पुरे होण्याआधी बोट काढावे लागले, तर दूध अजून गरम. दहा मोजूनही काहीच जाणवले नाही, तर उशीर झाला, दूध पुन्हा किंचित तापवावे लागेल. आणि दहाव्या आकड्याला ‘आता काढावे’ असे वाटू लागले, तर तीच वेळ. तिच्या सासूने तिला असेच शिकवले होते आणि चाळीस वर्षे या हिशेबात चूक झालेली नव्हती. नातीने बोट घातले, चार मोजले आणि काढले. थोड्या वेळाने सहा. मग आठ. असे करत करत दहा मोजून झाले, तेव्हा तिने अर्धा लिटर दुधाला चहाचा एक चमचा विरजण वाटीत दोन चमचे दुधाबरोबर घोटून, गाठी मोडून, दुधात ओतले, तीनदा हलवले, झाकण ठेवले आणि डबा गोधडीत गुंडाळला.

सकाळी डबा उघडला, तर दही लागले होते असे म्हणवत नव्हते, आणि लागले नव्हते असेही नाही. आजीने झाकण काढण्यापूर्वी डबा दोन्ही हातांत धरून जरासा कलता केला. चांगले लागलेले दही भांड्याबरोबर एकजीव कलते, हातांना वजन सरकल्याचे कळत नाही. न लागलेले दूध आत सरकते आणि वजन एका हाताकडे जाते. येथे वजन सरकले, पण जडपणे, विलंबाने. मग तिने चमचा घालून वर उचलला. कवडी तुटून पडायला हवी होती. त्याऐवजी चमच्यापासून एक चिकट तार लोंबत येऊन तिच्या मनगटावर पडली. वासात आंबटपणा थोडा, उबटपणा जास्त. आजी एवढेच म्हणाली, “गार दुधाला लावलंस.” नात रडकुंडीला येऊन म्हणाली, की मी तुझ्यासारखेच दहा मोजले.

दोघींचेही बरोबर होते, आणि या सबंध प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग तो येथून पुढचा. आजीने नातीला दोष दिला नाही, की ‘सवयीने येईल’ असे म्हणून विषय तहकूबही केला नाही. तिने एका पातेलीत पाणी तापवायला सांगितले, आणि ते निवू लागल्यावर आपले बोट व नातीचे बोट शेजारी-शेजारी त्यात धरले. नातीने चारलाच बोट ओढून घेतले. आजीचे बोट दहापर्यंत स्वस्थ होते. आजीने मग नातीची बोटे हातात घेऊन आपल्या अंगठ्याने चाचपली, आपली तर्जनी तिला चाचपायला दिली, आणि कारण दोघींनाही एकदमच समजले. चाळीस वर्षे तव्यावरची भाकरी बोटांनी उलटून आजीच्या बोटांची कातडी जाड आणि निबर झालेली. मुलीची बोटे कोवळी. ज्या दुधाला आजीचे बोट दहापर्यंत सोसत होते, त्याला मुलीचे बोट चारच सोसणार. आणि मुलीचे बोट दहापर्यंत सोसेल तोवर दूध गार झालेले असणार. शिवाय वयाप्रमाणे स्पर्शाची जाणीव मंदावते, ही बाब आजीच्या बाजूने आणखी भर घालणारी.

माझ्याजवळ त्या दिवशी स्वयंपाकाचा तापमापक होता. आजीने ‘आता’ म्हटले तेव्हा तो पंचेचाळीस अंश दाखवत होता. नातीने दहा मोजून ‘आता’ म्हटले तेव्हा एकोणचाळीस. आजीच्या पंचेचाळिसांत गार विरजण पडून, आणि थंडीतल्या स्टीलच्या डब्याने आपला वाटा घेऊन, दूध त्रेचाळिसाच्या आसपास स्थिरावत असले पाहिजे, आणि गोधडीत ते तेथून हळूहळू उतरत असले पाहिजे. नातीचे एकोणचाळीस मात्र डब्यात जाताच छत्तीसच्या आसपास आले, आणि मध्यरात्रीपर्यंत आणखी घसरले.

या सहा-सात अंशांनी एवढा फरक का पडावा, याचा थोडा तपशील दिला पाहिजे. दूध आंबणे हे जिवंत जीवाणूंचे काम आहे. लुई पाश्चर याने 1857 मध्ये दुग्धाम्ल किण्वनाविषयीचा आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हापासून ही गोष्ट शास्त्रात रुजू झाली. घरच्या विरजणात अशा जीवाणूंच्या निरनिराळ्या जाती एकत्र नांदतात. काही जातींना चाळीस ते त्रेचाळीस अंशांची ऊब मानवते. त्या झपाट्याने वाढतात, दुधातल्या साखरेचे दुग्धाम्ल करतात, आणि काही तासांतच दूध इतके आम्ल होते, की केसीनचे कण परस्परांना धरून जाळी बनते. दुसऱ्या काही जातींना पंचवीस-तीस अंश मानवतात. त्या सावकाश काम करतात, आणि त्यांच्यातील काही स्वतःभोवती साखरेचा चिकट पदार्थ तयार करतात. दूध गार असताना विरजण लावले, की वर्चस्व या दुसऱ्यांकडे जाते. आजीच्या मनगटावर पडलेली तार ती हीच. उलट दूध पन्नास अंशांच्या वर असताना विरजण घातले, तर दोन्ही प्रकारचे जीवाणू मरतात किंवा निकामी होतात, आणि सकाळी डब्यात दूधच राहते, किंवा तळाशी काही गाठी व वर हिरवट पाणी.

आणि माणसाच्या कातडीला उष्णतेचा चटका जाणवू लागतो तो साधारण त्रेचाळीस ते पंचेचाळीस अंशांच्या सुमारास. म्हणजे जीवाणूंची सोसण्याची मर्यादा आणि बोटाची सोसण्याची मर्यादा जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. बोट हे दह्याचे माप म्हणून इतकी शतके टिकले, त्याचे कारण हे असावे असे मला वाटते. परंतु ही मर्यादा ज्याच्या-त्याच्या बोटाची आहे. एकाच्या बोटाचा आकडा दुसऱ्याला उसना देता येत नाही. पाककृतीच्या पुस्तकांत ‘बोटाला सोसवेल इतके गरम’ असे लिहिलेले असते, तेव्हा कोणाचे बोट हे लिहिलेले नसते, आणि कित्येक नव्या संसारांतले दही बिघडते ते या एका उणिवेपायी.

आजीने त्या दुपारी नवा हिशेब बसवला. पाणी पुनःपुन्हा तापवून, आपले बोट आणि नातीचे बोट एकत्र बुडवून, आपल्या दहाला नातीचे किती, हे तिने मोजून पाहिले. ते चार-पाच भरत होते. मग तर्जनी सोडून करंगळी घ्यायची असे ठरले, कारण करंगळीने आपण काम कमी करतो आणि तिची कातडी वर्षानुवर्षे फारशी बदलत नाही. “पाच मोज. पाचला चटका बसू नये, पण बोट काढावंसं वाटलं पाहिजे. आणि आणखी चार वर्षांनी भाकऱ्या करायला लागलीस की पुन्हा माझ्यासारखं पाण्यात घालून बघ.” त्या संध्याकाळी नातीने करंगळीने पाच मोजले. डबा आधी गरम पाण्याने विसळून घेतला, म्हणजे तो दुधाची ऊब खाणार नाही. थंडी होती म्हणून विरजण एकाऐवजी दीड चमचा घेतले. डबा गोधडीत गुंडाळून पिठाच्या मोठ्या डब्यात ठेवला आणि सकाळपर्यंत त्याला कोणी हात लावू नये अशी तंबी घरात देण्यात आली. जाळी धरत असताना भांडे हलले, तर ती तुटते आणि फटीतून निवळी सुटते. नऊ तासांनी आजीने डबा कलता केला. वजन सरकले नाही. चमच्याने कवडी स्वच्छ तुटली, आणि तुटलेल्या जागी पाणी साचायला बराच वेळ लागला.

खाण्याआधी त्या दह्यातून उद्याचे विरजण काढून ठेवायचे, हा त्या घरचा मामूल. ते वरच्या थरातून घ्यायचे नाही, कारण हवेशी संबंध येऊन बुरशीचे बीज वरच पडते; चमचा मध्यभागी घालून आतले दही घ्यायचे, तेही कोणाचा उष्टा वा ओला चमचा आत जाण्यापूर्वी. विरजण एका दिवसाचे असले तर उत्तम, दोन दिवसांचे चालते. चार दिवसांचे असले, तर त्यातल्या नाजूक जीवाणूंचे बळ त्यांनीच केलेल्या आम्लाने खचलेले असते, आम्ल सोसणारे तेवढे उरतात, आणि अशा विरजणाचे दही लवकर आंबट होते. विरजण जास्त घातले तर दही घट्ट लागेल, हा समजही खरा नाही; जास्त विरजणाने आम्ल एकदम वाढते, जाळी घाईने आकसते आणि दह्याला पाणी सुटते.

हे विरजण या घरात एकदा तुटले होते. 26 आणि 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीला आलेल्या पुरात बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली, हजाराहून अधिक प्रवाशांची सुटका करावी लागली, आणि रेल्वे बंद पडल्याने वस्तीत दुधाच्या पिशव्याही आल्या नाहीत. घरातले दही संपले आणि विरजणही गेले. शेजारीही सगळ्यांचीच ती गत. दूध मिळाल्यावर आजीने ते उकळून निववले आणि देठांसकट पाच-सहा हिरव्या मिरच्या धुऊन, देठे बुडतील अशा दुधात घातल्या. भाजीच्या देठांवर दुग्धाम्ल करणारे जीवाणू निसर्गतःच असतात. मात्र ते थोडे असतात आणि मिश्र असतात, म्हणून पहिले दही लागायला बारा तास लागले आणि ते पातळ, हिरवट वासाचे निघाले. ते खायला न घेता त्यातले चमचाभर दुसऱ्या दुधाला लावले, दुसऱ्याचे तिसऱ्याला, आणि तिसऱ्या वेळचे दही पानात वाढण्याजोगे झाले. नातीच्या हाती आलेला चमचा हा त्या मिरच्यांच्या वंशातला. आजी मात्र हा उपाय नाइलाजाचा मानते. वास घाणेरडा आला, रंग बदलला, तर ते दूध टाकून द्यायचे, चाखूनही पाहायचे नाही, असे तिने नातीला दोनदा बजावले.

वैशाखात पुन्हा हिशेब बदलला. वांगणीचा उन्हाळा कडक असतो, आणि पत्र्याखालच्या खोलीत तर रात्रीही ऊब हटत नाही. विरजण अर्ध्या चमच्यावर आले, गोधडी गेली, आणि दही संध्याकाळी न लावता रात्री निजताना लावायचे ठरले, कारण सहा तासांत लागलेले दही त्यानंतर उबेतच राहिले तर आंबत जाते. पहाटे उठून नातीने डबा पाण्याने भरलेल्या परातीत ठेवायचा, म्हणजे आंबणे मंदावते, आणि आई कामाला निघण्यापूर्वी तिच्या डब्यात ताजे दही पडते.

ज्येष्ठात शेजारची बाई विरजण मागायला आली. ती दिवेलागणीच्या आधी आली होती, कारण तिन्हीसांजेनंतर त्या वस्तीत दही-विरजण कोणी देत-घेत नाही. तिचे दही दोनदा लागले नव्हते. नातीने तिला चमचाभर दही दिले, करंगळीचा हिशेब तिच्याच करंगळीने पाण्यात करून दाखवला, आणि तरीही दुसऱ्या दिवशी ती बाई नुसते कोमट दूध घेऊन परत आली. ना आंबट, ना घट्ट. त्याच विरजणाचे या घरातले दही उत्तम लागलेले होते. नात गोंधळली. आजीने दुधाचा वास घेतला, बोट बुडवून चव घेतली, आणि विचारले, “दूध कुठलं?” पिशवीचे नव्हे, जवळच्या तबेल्यातले, म्हशीचे. “म्हशीला सुई चालू आहे का, विचार त्याला.”

दूधवाल्याने लपवले नाही. एका म्हशीच्या कासेला सूज आली होती आणि डॉक्टरांनी प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली होती. असे औषध काही काळ दुधात उतरत राहते, आणि कासेतल्या रोगजंतूंना मारणारे औषध विरजणातल्या जीवाणूंनाही सोडत नाही; म्हणून पशुवैद्य सांगतात तितके दिवस त्या जनावराचे दूध विकू नये असा नियम आहे. विरजण चोख, ऊब बरोबर, भांडे स्वच्छ, आणि तरी दूध जसेच्या तसे राहिले, तर संशय दुधाचाच घ्यावा. आजीने त्या बाईला ते दूध मुलांना देऊ नकोस असे सांगितले. दूधवाल्याने त्या म्हशीचे दूध वेगळे काढले, आणि औषधाची मुदत संपल्यावर शेजारची बाई पुन्हा दुपारीच आली. पहिले विरजण वाया गेले होते, म्हणून नातीने तिला दुसरा चमचा दिला.